बोटाखालून सरकणारे पत्र

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या सचिवांनी रात्री जेवण उरकून, लॅपटॉपसमोर बसून सभासदांना ईमेल लिहिला आहे, असे समजू. पत्र असे:

‘सप्रेम नमस्कार, गेल्या महिन्यात झालेल्या व्यवस्थापक समितीच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे आणि त्यानंतर काही सभासदांनी केलेल्या सूचना विचारात घेऊन आपल्या इमारतीच्या गच्चीवरील दोन्ही टाक्या व जमिनीखालची टाकी साफ करून घेण्याचे काम नेहमीच्या ठेकेदाराला देण्यात आले असून हे काम येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता सुरू होईल व त्यामुळे त्या दिवशी सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत पाणी येणार नाही, तरी सर्वांनी शुक्रवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे. या कामासाठी प्रत्येक सदनिकेमागे तीनशे रुपये वर्गणी ठरली असून ती येत्या पंचवीस तारखेपर्यंत सोसायटीच्या खात्यात जमा करावी. तसेच ए विंगसमोर पाण्याचा टँकर उभा राहणार असल्यामुळे तेथे गाड्या लावणाऱ्या सभासदांनी शुक्रवारी रात्री नऊपर्यंत आपल्या गाड्या मागच्या बाजूला हलवाव्यात. ज्यांच्या घरी लहान मूल, वृद्ध किंवा आजारी व्यक्ती आहे त्यांनी आधी कळवल्यास दोन बादल्या पाणी घरपोच देण्याची व्यवस्था करता येईल. आपले सहकार्य अपेक्षित आहे.’

पत्रात चूक काहीच नाही. भाषा नम्र आहे, तपशील पुरा आहे, आजारी माणसांचीही आठवण ठेवली आहे. लॅपटॉपच्या रुंद पडद्यावर एका ओळीत पंधराएक शब्द मावतात, त्यामुळे सव्वाशेच्या आसपास शब्दांचा हा मजकूर सचिवांना आठ-नऊ ओळींचा दिसला. आठ ओळी म्हणजे काही लांब पत्र नव्हे. त्यांनी निश्चिंत मनाने ते पाठवून दिले.

सभासदांनी मात्र ते फोनवर उघडले. कोणी लिफ्टमध्ये, कोणी सिग्नलला रिक्षात बसून, कोणी कुकरच्या शिट्ट्या मोजत. फोनच्या पडद्यावर नेहमीच्या आकाराच्या अक्षरांत मराठीचे जेमतेम पाच शब्द एका ओळीत बसतात. तोच मजकूर आता पंचवीस ओळींचा झाला, आणि त्यात एकही फट नाही. वर पाठवणाऱ्याचे नाव, विषय, तारीख यांनी जागा घेतली. उरलेल्या भागात अठरा-वीस ओळी दिसतात. पाणी बंद राहणार ही मुख्य बातमी पत्राच्या पन्नासाव्या शब्दानंतर येते, म्हणजे अकराव्या ओळीच्या आसपास. टँकर आणि गाड्यांचा मजकूर पडद्याच्या तळाशी अर्धवट कापला गेलेला. आणि ज्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, त्या घरासाठी लिहिलेले वाक्य पडद्याच्या खाली, दिसेनासे झालेले.

शनिवारी सकाळी सचिवांचा फोन वाजत राहतो. विचारणारे जे विचारतात ते सगळे पत्रात लिहिलेले असते. ‘लोक वाचतच नाहीत’ अशी तक्रार अशा वेळी हमखास होते. ती निम्मीच खरी आहे. लोकांनी पत्र उघडले होते. वाचण्याचे काम त्यांच्या डोळ्यांना ज्या स्थितीत करावे लागले ती स्थिती अवघड होती, आणि त्या अवघडपणाची कारणे चांगली अभ्यासली गेली आहेत.

वाचताना डोळा ओळीवरून सरळ घरंगळत जातो असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. पॅरिसमधले नेत्रतज्ज्ञ लुई एमिल झावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७० च्या दशकात हे लक्षात आले की, डोळा टिपूर दाणे टिपणाऱ्या पाखरासारखा उड्या मारत जातो. एका जागी पाव सेकंदाच्या आसपास थांबतो, तिथले एक-दोन शब्द उचलतो, पुढे उडी मारतो. अगदी स्वच्छ दिसणारा भाग फार लहान असतो. बाकीचा मजकूर आजूबाजूला धूसर असतो. ओळ संपली की सगळ्यांत मोठी उडी, ती पुढच्या ओळीच्या आरंभाकडे. ही उडी बऱ्याचदा थोडी चुकते आणि डोळा ती सावरून घेतो. ओळ फार लांब असेल तर चूक वाढते आणि माणूस तीच ओळ पुन्हा वाचायला लागतो. म्हणूनच छापील पुस्तकाची ओळ इंग्रजीत ४५ ते ७५ अक्षरांची ठेवावी असा अक्षरजुळणीतला जुना दंडक आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फोनची ओळ आखूड असते म्हणून वाचन बिघडते, असे पुष्कळांना वाटते. परंतु आखूड ओळीवर परतीची उडी लहान असते, त्यामुळे ती सहसा चुकत नाही. वर्तमानपत्राचा स्तंभही आखूडच असतो आणि मराठी वाचक पिढ्यान् पिढ्या तो सुखाने वाचत आले आहेत. मग फोनवर काय बिघडते? वर्तमानपत्राचे अख्खे पान डोळ्यांसमोर पसरलेले असते आणि स्तंभ तिथल्या तिथे स्थिर असतो. फोनवर मजकूर एका खिडकीतून बघावा लागतो, आणि खिडकी स्थिर राहून मजकूर सरकतो.

या सरकण्याची किंमत मोठी आहे. अर्न्स्ट रॉथकॉफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये एक साधी गोष्ट तपासली. छापील मजकूर वाचलेल्या लोकांना त्यातली माहिती पानावर नेमकी कुठे होती ते विचारले. कोणी सांगितलेले नसतानाही लोकांना जागा बऱ्यापैकी आठवत होती. हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्याला असतो: उत्तर आठवत नाही, पण ते डाव्या पानावर खाली, आकृतीच्या शेजारी होते एवढे पक्के आठवते. जागेची ही आठवण मजकुरात मागे जायला उपयोगी पडते. फोनवर मात्र पहिली ओळ आणि पंचविसावी ओळ या दोन्ही पडद्यावरच्या त्याच जागी वाचल्या जातात. अंगठा मजकूर वर ढकलतो आणि वाचक तिथेच बघत राहतो. ‘वर कुठेतरी तारीख होती’ यापलीकडे खूण उरत नाही. मग ती तारीख शोधायला पुन्हा वर जायचे, आणि एकसंध ढिगाऱ्यात सगळ्या ओळी सारख्याच दिसतात.

ख्रिस्तोफर सँचेझ आणि जेनिफर वायली यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हाच धागा दिसतो. गुंतागुंतीचा मजकूर पानापानाने दाखवण्याऐवजी सरकवत वाचायला दिला तर समज घटते असे त्यांना आढळले, आणि एका वेळी कमी गोष्टी मनात धरू शकणाऱ्या वाचकांना त्याचा त्रास अधिक झाला. रिक्षातल्या गोंगाटात, अर्धे लक्ष रस्त्याकडे ठेवून वाचणाऱ्या कोणाच्याही मनाची धारणशक्ती तेवढ्यापुरती कमीच असते.

तरीही फोनवर वाचलेले समजतच नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. २०११ मध्ये वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या एका प्रयोगाचा दाखला देऊन, मोबाइलवर मजकूर समजणे दुप्पट अवघड असते, असे लिहिले होते. त्या प्रयोगात मजकुरातले ठराविक शब्द गाळून ते वाचकांना भरायला सांगितले होते. संगणकाच्या पडद्यावर सुमारे ३९ टक्के, तर फोनएवढ्या पडद्यावर सुमारे १९ टक्के शब्द बरोबर आले. मजकूर होता संकेतस्थळांच्या गोपनीयता धोरणांचा, म्हणजे मुळातच जड. पुढे २०१६ मध्ये नील्सन यांच्याच संस्थेने नव्या फोनवर पुन्हा चाचणी घेतली तेव्हा समजण्यात मोठा फरक दिसला नाही; अवघड मजकूर वाचताना फोनवर वेग मात्र मंदावला. यातून जे हाती लागते ते फार मोलाचे आहे. सोपा, नीट मांडलेला मजकूर फोनवर उत्तम वाचता येतो. मजकूर जड झाला की लहान खिडकीचा जाच सुरू होतो. आणि मजकूर जड आहे की नाही हे लिहिणाऱ्याच्या हातात असते.

आता सचिवांच्या पत्राकडे परत येऊ. त्यातला एकही शब्द न बदलता, फक्त तीन ठिकाणी ते तोडले आणि मधे एकेक रिकामी ओळ सोडली तर काय होते? पत्राची उंची वाढते. पंचवीसच्या एकोणतीस-तीस ओळी होतात, सरकवणे थोडे जास्तच करावे लागते. तरी ते वाचायला सोपे जाते, आणि याचे कारण डोळ्याच्या आणखी एका सवयीत आहे. पडद्यावरचा मजकूर लोक आधी चाळतात. २००६ मध्ये नील्सन यांनीच २३२ लोकांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा नजर वरच्या एक-दोन ओळी पुऱ्या वाचते आणि मग डाव्या कडेने खाली उतरत जाते, मधूनच एखाद्या ओळीत थोडी आत शिरते, असे दिसले. डावीकडून उतरणारी ही नजर आरंभ शोधत असते. सलग ढिगाऱ्यात आरंभ एकच असतो, अगदी वर. बाकीच्या ओळींचे पहिले शब्द म्हणजे फोनने जिथे ओळ मोडली तिथे पडलेला योगायोग: ‘असून’, ‘व त्यामुळे’, ‘देण्यात’. त्यांवरून आत काय आहे याचा काही सुगावा लागत नाही. चार परिच्छेद केले की चार खरे आरंभ मिळतात. ‘तसेच ए विंगसमोर’ हे शब्द रिकाम्या ओळीनंतर, डाव्या कडेला आले की तिथे गाडी लावणारा माणूस बरोबर तिथेच थांबतो.

कोऱ्या जागेचे मोल मराठी लेखनाच्या इतिहासाला अपरिचित नाही. मोडी कागद ज्याने पाहिला आहे त्याला हे लगेच पटेल. मोडी लिहिताना आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढत आणि मग तिला अक्षरे टांगत जात. शब्दांच्या मधे जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. हात न उचलता भराभर लिहिण्यासाठी ती सोय होती. वाचणारा कारकून त्या लिपीत मुरलेला असे, आणि पत्र बहुधा मोठ्याने वाचून दाखवले जाई. शब्द कुठे तुटतो हे कानाला कळे. तरीही पत्रात आरंभीचा श्री, मग मायना, मग मजकूर असा ठरीव क्रम असे, त्यामुळे वाचणाऱ्याला कागदावर कुठे काय शोधायचे हे ठाऊक असायचे. पुढे छपाई आली, मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांनी १९व्या शतकात मराठीत विरामचिन्हे रुजवली, आणि एकट्याने, मनातल्या मनात वाचणाऱ्या माणसाला छापील पान सोपे झाले.

हात आखडता घेण्याची सवय मात्र कागदाने लावली. आंतरदेशीय पत्रावर जागा मोजकी, म्हणून घरची खुशाली लिहून झाल्यावर माणसे समासात आडवे लिहीत, दुमडीच्या कडेपर्यंत अक्षरे कोंबत. कोरी जागा सोडणे म्हणजे पैसे वाया घालवणे. ईमेलमध्ये रिकाम्या ओळीला काहीच खर्च येत नाही, पण कोंबण्याची ती सवय अनेकांच्या बोटांत अजून आहे.

रिकामी ओळ किती मोठी हवी, यालाही माप आहे. जवळजवळ असलेल्या गोष्टींचा डोळा एक गट करतो, दूर असलेल्यांना वेगळे धरतो. माक्स वेर्टहायमर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये हे मांडले. म्हणून दोन परिच्छेदांतली जागा दोन ओळींतल्या जागेपेक्षा डोळ्यांत भरेल इतकी जास्त हवी. जगभर मान्य असलेल्या वेब सुलभतेच्या निकषांत सर्वांत वरच्या पातळीवर अशी अपेक्षा आहे की, ओळींमधले अंतर दीडपट असावे आणि परिच्छेदांमधले अंतर त्याच्याही किमान दीडपट असावे. देवनागरीला हे जास्तच लागू पडते. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार बसतात आणि पायाशी उकार लोंबतात. ओळी खेटून असल्या तर वरच्या ओळीतला ‘दू’ खालच्या ओळीतल्या ‘कीं’ला जाऊन टेकतो. शिवाय शिरोरेघेमुळे प्रत्येक ओळ एक काळा पट्टा दिसते. इंग्रजीतला दहा ओळींचा परिच्छेद जितका दाट दिसतो, त्यापेक्षा मराठीतला तेवढाच परिच्छेद अधिक दाट दिसतो. म्हणून मराठी ईमेल फोनवर वाचला जाणार असेल तर एका परिच्छेदात दोन-तीन वाक्ये, म्हणजे पडद्यावरच्या पाच-सात ओळी, हा अंदाज बरा पडतो. लॅपटॉपवर लिहिताना सोपा हिशेब असा: तिथे दिसणाऱ्या ओळींना तीनने गुणायचे. लॅपटॉपवर पाच ओळींचा दिसणारा परिच्छेद फोनवर पंधरा ओळींचा, म्हणजे जवळजवळ अख्ख्या पडद्याएवढा होतो.

कोरी जागा चुकीच्या ठिकाणी आली तर उलट त्रास होतो. काही ईमेल फोनवर विचित्र दिसतात: एक ओळ पूर्ण, पुढची ओळ दोनच शब्दांची, पुन्हा एक पूर्ण, पुन्हा एक तुटकी. दातरे पडलेल्या फणीसारखी. याचे मूळ जुने आहे. संगणकाच्या जुन्या पडद्यांवर एका ओळीत ८० अक्षरे मावत. ईमेलचे तांत्रिक नियम त्या काळात घडले, आणि एक ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी अशी शिफारस त्यांत आजही आहे. काही जुन्या प्रणाली त्यासाठी प्रत्येक ओळीच्या शेवटी पक्की तोड घालतात. फोनच्या ओळीत त्याच्या निम्मीच अक्षरे मावतात, म्हणून फोन आपल्या मापाने एकदा ओळ मोडतो आणि थोड्याच शब्दांनंतर ती पक्की तोड पुन्हा मोडते. पीडीएफमधून मजकूर उचलून ईमेलमध्ये डकवला तरी हेच घडते, कारण छापील पानावरच्या ओळींच्या तोडी सोबत येतात. सरकारी परिपत्रकातला उतारा पुढे पाठवणाऱ्यांच्या ईमेलमध्ये हे नेहमी दिसते. लॅपटॉपवर ते लक्षात येत नाही, कारण तिथे ओळीला जागा पुरते. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: डकवलेल्या परिच्छेदात ओळीच्या शेवटी जाऊन तोड पुसायची, आणि एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर दोनदा दाबायचा.

पुष्कळ जण यावर मार्ग म्हणून पत्रच पीडीएफ करून जोडतात. फोनसाठी हा सगळ्यांत वाईट पर्याय. ए-फोर आकाराचे पान फोनच्या रुंदीत बसवले की अक्षरे मुंगीएवढी होतात, आणि मोठी केली की प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे ओढावे लागते. ईमेलचा मजकूर निदान पडद्याच्या मापाने स्वतःला मोडून घेतो. पीडीएफचे पान बहुधा तसे करत नाही. सही-शिक्क्याचे पत्र जोडणे भागच असेल, तर त्यातल्या तारखा, रक्कम आणि वाचणाऱ्याने काय करायचे, एवढे तरी ईमेलमध्येच लिहायला हवे.

लहान परिच्छेदांचाही अतिरेक होतो. प्रत्येक वाक्याखाली रिकामी ओळ सोडली की कोरी जागा काही सांगेनाशी होते, कारण सगळीच वाक्ये सारख्याच अंतरावर जातात आणि कोणते कोणाबरोबरचे हे कळत नाही. याहून धोक्याची गोष्ट म्हणजे अट आणि तिचा परिणाम वेगळे पडणे. ‘वर्गणी पंचवीस तारखेपर्यंत भरावी’ हे एका परिच्छेदात आणि ‘उशीर झाल्यास दंड’ हे तीन परिच्छेद खाली, असे झाले तर पहिले वाचून फोन खिशात टाकणाऱ्याला दंडाचा पत्ताच लागत नाही. तोड विषय बदलतो तिथे हवी. आणि ज्या पत्रात एका मुद्द्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असा युक्तिवाद चढत जातो, उदाहरणार्थ बिल्डरशी चाललेल्या वादातले उत्तर, ते चार-चार ओळींच्या तुकड्यांत चिरले तर दुबळे होते. तिथे परिच्छेद मोठे राहू द्यावेत आणि सगळ्यात वर दोन वाक्यांत मागणी सांगून टाकावी.

सचिवांचे पत्र मात्र युक्तिवादाचे नाही, सूचनेचे आहे. ते नव्याने असे लिहिता येते. विषयाच्या जागी ‘महत्त्वाची सूचना’ऐवजी: ‘शनि. १४: ९ ते ५ पाणी बंद’. फोनच्या यादीत विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात, म्हणून बातमी तिथेच यायला हवी. तारीख घातली, कारण पत्र रविवारी उघडणाऱ्याला ‘येत्या शनिवारी’ म्हणजे कोणता ते कळत नाही. आणि खाली:

‘शनिवारी, १४ तारखेला सकाळी ९ ते सायंकाळी ५ पाणी येणार नाही. टाक्या साफ होणार आहेत. शुक्रवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे.

घरी लहान मूल, वृद्ध किंवा आजारी कोणी असेल तर शुक्रवारी दुपारपर्यंत मला फोन करावा. दोन बादल्या पाणी घरपोच देऊ.

ए विंगसमोर गाडी लावणाऱ्यांनी शुक्रवारी रात्री ९ पर्यंत ती मागच्या बाजूला न्यावी. तिथे टँकर उभा राहील.

वर्गणी: प्रत्येक सदनिकेमागे ३०० रुपये, २५ तारखेपर्यंत सोसायटीच्या खात्यात. काम समितीच्या गेल्या बैठकीत ठरले आहे.’

शब्द जवळजवळ निम्मे झाले. रिकाम्या ओळी धरूनही सगळे पत्र फोनच्या एका पडद्यात, फार तर अंगठ्याच्या एका हलक्या ढकलीत वाचून होते. बैठकीचा उल्लेख पहिल्या ओळीतून शेवटच्या ओळीत गेला, कारण ‘हे पैसे कोणी ठरवले’ हा प्रश्न वर्गणी वाचल्यावरच पडतो. आजारी माणसांचा परिच्छेद दुसरा आला. पत्रातली सगळ्यांत तातडीची मुदत त्याचीच आहे, शुक्रवार दुपार.

पाठवण्याआधी सचिवांनी ते स्वतःलाच पाठवून फोनवर उघडावे. मजकूर अंगठ्याने जोरात वर ढकलून, नजर जिथे पडेल तिथे थांबवून पाहावे: हा तुकडा कशाबद्दल आहे हे मागेपुढे न सरकता कळते का? नाही कळले तर त्या जागी एकतर तोड राहिली आहे, किंवा परिच्छेदाचा पहिला शब्द चुकला आहे. दुसरी खूण शनिवारी मिळते. फोन पुन्हा वाजलाच, तर विचारणाऱ्याचा प्रश्न पत्रातल्या कितव्या परिच्छेदात होता ते मोजावे. प्रश्न वारंवार त्याच परिच्छेदातले निघाले, तर पुढच्या वेळी तो परिच्छेद वर घ्यायचा.